फलकावरची तिसरी भाषा

देवासला फ्लॅटच्या इमारतीला सगळे मल्टीच म्हणतात. आमची मल्टी टेकडीच्या मागच्या अंगाला आहे. माझ्या नवऱ्याने कारखान्यातून निवृत्त झाल्यावर इथे फ्लॅट घेतला, आणि वर्षभरात रहवासी संघाने त्यांना सचिव करून टाकलं. दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून. लिफ्टवाल्याला फोन करणं, पाण्याचा टँकर मागवणं, जिन्यातले दिवे बदलून घेणं आणि खालच्या फलकावर सूचना लावणं, ही त्यांची कामं. मी शाळेत गणित शिकवायचे, मीही निवृत्त झाले होते, त्यामुळे सूचनांचा कच्चा खर्डा आमच्या जेवणाच्या टेबलावरच व्हायचा.

सूचना अर्थात हिंदीत. इथे दुसरं काय असणार? मल्टीत माळव्यातली बरीच घरं, आमच्यासारखी सहा-सात मराठी घरं आणि केरळची दोन. केरळच्या घरांतली नवरा-बायको दोघंही नोकरीवाली, हिंदी फर्डं बोलणारी, पण वाचायला त्यांना इंग्रजीच सोपं जायचं. म्हणून पुढे हिंदीखाली इंग्रजी आलं. तेवढ्यावर सगळं ठीक चाललं होतं.

तिसऱ्या मजल्यावर एक काका राहायचे. त्यांचे पणजोबा-आजोबा संस्थानच्या दरबारात कारभारी होते. काका स्वतः बँकेत होते, पण बोलणं अजून आजोबांच्या वेळचं. 'मजकूर', 'सबब', 'विदित व्हावे' असे शब्द त्यांच्या तोंडी सहज यायचे. आमच्या घरी धारला माझे वडीलही असंच बोलत, त्यामुळे मला ते ऐकायला बरं वाटायचं. वार्षिक सभेत काका उभे राहिले आणि म्हणाले, ज्या गावात थोरली आणि धाकटी अशा दोन-दोन मराठी राजगाद्या होत्या, तिथे आपल्याच दारातल्या फलकावर आपली भाषा नसावी, हे शोभत नाही. कोणी विरोध केला नाही. माळव्यातली माणसं मोकळी, अध्यक्ष म्हणाले, "लगा दो भिया, कागज ही तो है।" ठराव झाला: सूचना यापुढे हिंदी, इंग्रजी आणि मराठी, अशा तीन भाषांत.

मराठी लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहायला बसले आणि लक्षात आलं की माझं मराठी म्हणजे मराठी कपडे घातलेलं हिंदीच आहे. 'टंकीची सफाई केली जाणार आहे, तरी सगळ्यांनी ध्यान द्यावं.' काकांकडे कागद दाखवायला नेला की ते चष्मा लावून टंकीची टाकी करायचे, ध्यानाचं लक्ष करायचे, आणि वर दोन ओळींचा मायना स्वतः घालायचे: 'समस्त सदनिकाधारकांस सविनय विदित व्हावे की...' मला हसू यायचं, पण तो मायना खोडायचं धाडस मला झालं नाही, ह्यांनाही झालं नाही.

ते मराठी वाचायचं कोण? काका वाचायचे, मी वाचायचे, आणखी एक-दोन वयस्क मंडळी. आमच्या मराठी घरांतली तरुण पोरं हिंदी शाळांत शिकलेली. घरात मराठी बोलतात, पण वाचायला दिलं की अक्षर अक्षर जोडत बसतात. खालच्या मजल्यावरच्या मराठी घरातल्या मुलीला मी एकदा विचारलं, सूचना वाचलीस का? ती म्हणाली, हो काकू, हिंदीवाली पढ़ ली. हिंदी वर आहे, ती वाचली की कळतंच, मग खाली कशाला बघायचं, असा तिचा हिशोब. त्यात चूक काहीच नव्हती.

त्याच सुमारास केरळच्या एका घरात मुलाची आई राहायला आली. नवरा गेल्यावर तिकडचं घर बंद करून मुलगा तिला घेऊन आला होता. मुलगा पीथमपूरच्या एका कारखान्यात, आठवड्याचे बरेच दिवस तिकडेच. सून एका दवाखान्यात नर्स. अम्मच्ची, घरातली माणसं तिला तसंच म्हणत, दिवसभर एकटी. किनार असलेलं पांढरं वस्त्र, कानात जड सोन्याच्या बाळ्या, चेहरा सुपारीसारखा घट्ट. चार वाजता ती खाली बाकावर येऊन बसायची, आणि मीही त्याच वेळी खाली उतरायचे. तिला हिंदी येत नव्हतं, इंग्रजी येत नव्हतं. मला मल्याळम कुठून येणार?

तरी आमचं जमलं. पहिला शब्द पाणी. तिने बाटली दाखवून म्हटलं, वेळ्ळम. मी म्हटलं, वेळ्ळम. तिने माझ्याकडे चमकून पाहिलं आणि पुन्हा म्हणायला लावलं. मल्टीतली बाकीची मंडळी ऐकून वेल्लम म्हणत, आणि तिच्या मुलाने नंतर सांगितलं की वेल्लम म्हणजे तिकडे गूळ. ळ मराठी जिभेला येतो, हिंदीला येत नाही. एवढ्या एका अक्षरावर तिने मला आपलं मानलं. मी तिला बाळ, फळ, केळं, टाळा असे शब्द म्हणून दाखवायचे. अर्थ तिला कळत नसे, पण प्रत्येक ळ ला ती मान हलवायची.

खाली उतरली की ती आधी फलकासमोर उभी राहायची. बराच वेळ. सगळे कागद वरपासून खालपर्यंत बघायची. काका एकदा म्हणाले, बघा बाई, केरळात सगळे शिकलेले असतात, म्हातारीसुद्धा इंग्रजी वाचते. ती नक्की काय वाचू शकते, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. पण तिची उभं राहायची ती पद्धत मी आधी पाहिली होती. माझी पहिली नेमणूक धार जिल्ह्यातल्या डही गावी होती. तिथल्या ब्लॉक कार्यालयाच्या भिंतीसमोर गावच्या बाया अशाच उभ्या असायच्या. कागद आपल्यासाठी लावलाय एवढं कळायचं, त्यात काय आहे ते नाही. मग कोणी वाचणारं येईपर्यंत त्या थांबायच्या.

पावसाळा संपता संपता नळाला गढूळ पाणी यायला लागलं. जमिनीखालचा हौद आणि गच्चीवरची टाकी दोन्ही साफ करून घ्यायचं ठरलं. साफ करणाऱ्या लोकांनी ह्यांना सगळं समजावलं होतं. रविवारी सकाळी दहापासून पाणी बंद. आदल्या दिवशी पिण्याचं भरून ठेवा. हौद उपसून, घासून ब्लीचिंगच्या पाण्याने धुतला जाईल. संध्याकाळी पाणी सुरू झालं की नळ थोडा वेळ तसेच वाहू द्या, ते पाणी धुण्या-पुसण्याला वापरा. प्यायला आणि स्वयंपाकाला दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच घ्या.

ह्यांनी हिंदी लिहिलं, मी मराठी लिहिलं, काकांनी मायना चढवला. मग हे कागद घेऊन छपाईच्या दुकानात गेले. एकाच पानावर तिन्ही भाषा बसवायच्या होत्या, आणि त्या बसेनात. अक्षर लहान केलं तर वयस्क माणसांना दिसलं नसतं. दुकानात गर्दी, पाऊस, आणि लाईट जायची भीती. ह्यांनी इंग्रजी थोडक्यात करून घेतलं. 'रविवारी दहा ते पाच पाणी बंद राहील, पाणी भरून ठेवावे.' बस. दुसऱ्या दिवसापर्यंत न पिण्याचं वाक्य हिंदीत राहिलं, मराठीत राहिलं, इंग्रजीतून गेलं. ह्यांना वाटलं, ही मंडळी हिंदी बोलतात, वरचं वाचतीलच.

सुनेने शनिवारी ड्युटीवर जाताना फलक पाहिला. तिच्या सवयीची भाषा जिथे होती तिथे तिने वाचलं. घरी सासूला सांगितलं, उद्या पाच वाजेपर्यंत पाणी नाही, नंतर येईल. रविवारी तिला पुन्हा ड्युटी होती, मुलगा पीथमपूरला. अम्मच्चीने भरलेलं पाणी आंघोळीला आणि कुंड्यांना वापरून टाकलं, कारण पाच वाजता येणारच होतं. पाणी आलं तेव्हा ती तहानलेली होती. गाळणीच्या मशीनचं पाणी तिला कधीच आवडत नसे. नळाखाली तांब्या धरून ती प्यायली, थोड्या वेळाने पुन्हा प्यायली.

त्या दिवशी चार वाजता ती बाकावर आली नाही, पाण्याची वाट बघत असेल असं मला वाटलं. सात वाजले तरी दिसली नाही, तेव्हा मी वर गेले. दार तिने उघडलं, पण उभं राहवत नव्हतं. घसा धरून ती वाकली होती, आणि उलट्या झाल्याचं घरभर दिसत होतं. मी विचारलं, वेळ्ळम? तिने नळाकडे बोट केलं. मी ह्यांना हाक मारली, रिक्षा बोलावली, सुनेला फोन केला, आणि आम्ही तिला सुनेच्याच दवाखान्यात नेलं. रिक्षात ती माझा हात घट्ट धरून काहीतरी बोलत होती, पुन्हा पुन्हा तेच. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. सून दवाखान्याच्या दारात उभी होती. तिने कान लावला आणि म्हणाली, पाण्याला वास येत होता असं म्हणतायत. पण इथलं पाणी असंच असतं असं त्यांना वाटलं.

सलाइन लावली, दोन रात्री ठेवून घेतलं. पोटाचं जुनं दुखणं होतं त्यामुळे त्रास जास्त झाला, पण वाचली. मुलगा पीथमपूरहून आला. हे त्याला भेटायला गेले, मीही सोबत होते. ह्यांनी काही आडपडदा ठेवला नाही. इंग्रजीतलं वाक्य आपणच काढायला लावलं, असं सरळ सांगितलं. मुलगा ऐकून घेत होता. तो रागावला असता तर ह्यांना बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "अंकल, इंग्रजीत असतं तरी आईला वाचता आलं नसतं. ती फक्त मल्याळम वाचते. रोज पेपर वाचायची तिकडे."

 घरी आल्यावर हे म्हणाले, त्या म्हातारीला काय वाचता येतं, हे आपल्यापैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

आठवड्याने समितीची बैठक झाली, आमच्याच घरी. खोलीत कोणी कोणावर बोट ठेवलं नाही, तरी सगळ्यांच्या मनात तो मायना होता. दोन ओळी त्याने खाल्ल्या होत्या, आणि पिण्याचं वाक्यही दोनच ओळींचं होतं. काका कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. त्यांचा चहा तसाच गार होत होता. अध्यक्ष म्हणाले, एक सोडून दोन पानं लावू, चार भाषा करू, कागदाला काय तोटा. तेव्हा काका बोलले.

"मराठी काढून टाका. आम्हांला हिंदी वाचता येतं. त्या बाईंना येत नाही."

मी म्हटलं, काका, दोन पानं लावता येतील.  दोन पानांची सूचना कोणी वाचत नाही, असं ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. ठराव बदलला. हिंदी, इंग्रजी, मल्याळम. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दारात चप्पल शोधायला त्यांना फार वेळ लागला.

पुढची सूचना महिन्याभरात आलीच, कारण गच्चीवरची टाकी गळायला लागली होती आणि दुरुस्तीनंतर तीही पुन्हा ब्लीचिंगने धुवायची होती. या वेळी ह्यांनी घाई केली नाही. पहिल्यांदा आकडे घातलेली चार वाक्यं हिंदीत लिहिली, आणि पिण्याचं वाक्य एक नंबरला घेतलं. तिन्ही भाषांत तोच क्रम, तेच आकडे, म्हणजे एका भाषेतलं तिसरं वाक्य दुसऱ्या भाषेत कुठे आहे ते कोणालाही बोट ठेवून दाखवता येईल. मुलाने मल्याळम मजकूर फोनवर पाठवला. दुकानात तो कॉम्प्युटरवर घेतला तर अर्ध्या अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटले, आणि जी आली ती भलत्याच जागी. दुकानदार म्हणाला, मॅडम, ये भाषा हमारे यहाँ नहीं है।

म्हणून अम्मच्चीनेच हाताने लिहायचं ठरलं. ती आमच्या टेबलापाशी बसली. फोनवर मुलगा एकेक वाक्य सांगत होता आणि ती जाड पेनने लिहीत होती. तिचं अक्षर गोल, एकसारखं. मोत्यांचे दाणे मांडत जावेत तसं. लिहून झाल्यावर ह्यांनी मुलाला सांगितलं, आता आईला वाचू दे, आणि तू आम्हांला तेच हिंदीत उलटून सांग, हातातला कागद न बघता. तिने वाचलं, मुलाने फोनवरून सांगितलं, आणि ह्यांनी हिंदी कागदावर एकेक वाक्यासमोर खूण केली. दुसऱ्या वाक्यात 'संध्याकाळपर्यंत'चं 'संध्याकाळी' झालं होतं. तिने ते हसत दुरुस्त केलं. एका ओळीवर बोट ठेवून ती मला म्हणाली, वेळ्ळम कुडिक्करुत. पाणी पिऊ नये. ते तिने माझ्याकडून पाठ करून घेतलं.

त्या संध्याकाळी फलकासमोर ती एकटी नव्हती. तिने तो कागद मोठ्याने वाचला, जसे आमच्या शाळेत पोरं उभं राहून धडा वाचतात तसा. जाणारे-येणारे थांबले. कोणाला काही कळलं नाही, पण अध्यक्षांच्या बायकोने टाळी वाजवली. अम्मच्ची लाजली. ती इथे आल्यापासून तिचा आवाज मल्टीतल्या बहुतेकांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

मला वाटलं, आता तिचं मन इथे लागेल. पण ते आधीच उठलं होतं. दवाखान्यातून आल्यावर ती प्रत्येक तांब्याचा वास घेऊन मग पाणी प्यायची. सून सांगायची, रात्री झोपत नाहीत. नाताळच्या आधी तिच्या तिकडे राहणाऱ्या मुलीने तिला केरळला बोलावून घेतलं, आणि मुलाने अडवलं नाही. निघताना तिने मला डब्यात केळ्याचे वेफर दिले आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. मला तिला काहीतरी सांगायचं होतं. थोडं आधी, ती आली त्याच दिवशी, मुलाला एवढं विचारलं असतं की तुझी आई काय वाचते, तर किती सोपं झालं असतं, असं काहीतरी. एवढं सांगण्याइतके शब्द आमच्यात नव्हते. मी नुसतं म्हटलं, वेळ्ळम, आणि पाण्याची बाटली तिच्या पिशवीत घातली. फलकावर मल्याळममध्ये लागली ती तेवढी एकच सूचना. पुढची लागली तेव्हा वाचणारी नव्हती.

मग तिसरी जागा तशीच रिकामी राहिली. केरळच्या दुसऱ्या घराला इंग्रजी पुरत होतं. मराठी परत आणा, असं कोणी म्हटलं नाही, आणि काकांनीही नाही. मी एक-दोनदा विषय काढला तर त्यांनी बोलणं हवापाण्यावर नेलं. ते फलकाजवळून जाताना बाहेरच्या फाटकाकडे बघत चालायचे. ह्यांनी पुढच्या सभेत सचिवपद सोडलं. मला म्हणाले, गणितात तू बरोबर उत्तर काढतेस, पण प्रश्न कोणी विचारायचा?  आता सगळं फोनवरच्या ग्रुपात येतं, हिंदी, तेही इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. त्यांच्या मुलाने ग्रुपात कळवलं, उठावना, म्हणजे तिसऱ्या दिवसाची शोकबैठक, अमुक वेळी, अमुक धर्मशाळेत. त्याच्यावर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मला राहवलं नाही. मी एका कागदावर मराठीत चार ओळी लिहिल्या. मायना घातला नाही. तो घालणारा राहिला नव्हता. 'आपल्या मल्टीतले ज्येष्ठ रहिवासी काका आज पहाटे वारले' असं लिहून तो कागद मी फलकावर लावला.

संध्याकाळी खाली गेले तर खालच्या मजल्यावरची ती मुलगी तिथे उभी होती. आता ती नोकरीला लागली आहे, बँकेत. ओठ हलवत अक्षरं जोडत होती. मला पाहून म्हणाली, "काकू, बाकी समजलं. हे वारले म्हणजे काय?"

मी तिला सांगितलं. तिने मान हलवली, पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागली, आणि मी तिच्या शेजारी थांबले.